शोधनिबंधासोबत जाणारे पत्र

शोधनिबंध एखाद्या जर्नलकडे पाठवायचा असेल तर त्याच्यासोबत संपादकाच्या नावाने एक पत्र द्यावे लागते. विद्यापीठांमध्ये त्याला कव्हर लेटर म्हणतात. हे पत्र एका पानाचे, साधारण अडीचशे ते चारशे शब्दांचे असते. जर्नलच्या ऑनलाइन व्यवस्थेत ते निबंधापासून वेगळे जोडावे लागते, आणि या वेगळेपणाला कारण आहे. धर्माभ्यासाच्या बहुतेक नामवंत जर्नलांत परीक्षण दोन्ही बाजूंनी निनावी असते. निबंध कोणाचा हे परीक्षकाला कळू दिले जात नाही आणि परीक्षक कोण हे लेखकाला सांगितले जात नाही. त्यासाठी निबंधातून लेखकाचे नाव, संस्था, ऋणनिर्देश सगळे काढून टाकायचे असते. पत्र मात्र संपादकासाठी असते आणि परीक्षकांकडे सहसा जात नाही. लेखकाला स्वतःच्या नावाने बोलता येईल अशी एवढीच एक जागा असते.

ते वाचणारा संपादक बहुधा कुठल्या तरी विद्यापीठातला प्राध्यापक असतो आणि अध्यापन सांभाळून संपादन करतो. त्याचा स्वतःचा अभ्यास तिबेटी बौद्ध मठांचा असेल, आरंभीच्या ख्रिस्ती संप्रदायांचा असेल किंवा मोरोक्कोतल्या सूफी दर्ग्यांचा असेल. महाराष्ट्रावरचा निबंध त्याच्यापुढे येतो तेव्हा दिंडी म्हणजे काय हेही त्याला ठाऊक असेलच असे नाही. तरीही निबंध परीक्षकांकडे पाठवायचा की तिथूनच परत करायचा, हे त्यालाच ठरवावे लागते. परत येणाऱ्या निबंधांचा मोठा भाग याच टप्प्यावर परततो, परीक्षकांपर्यंत पोचतच नाही. हा निर्णय घेताना संपादक तीन गोष्टी शोधत असतो: निबंधाचे म्हणणे काय, ते या जर्नलच्या वाचकांच्या कामाचे आहे का, आणि निबंध छापण्यात नैतिक किंवा कायदेशीर अडचण आहे का. पत्र या तीन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी असते.

ही उत्तरे कशी लिहायची हे उदाहरणावरून नीट समजते. उदाहरणातला निबंध कल्पित आहे. आळंदी ते पंढरपूर चालणाऱ्या एका दिंडीकडे १९४८ ते १९७५ या काळातल्या हिशोबाच्या वह्या आहेत. सुरुवातीच्या वह्या मोडीत आहेत, पुढच्या देवनागरीत. कोणत्या वारकऱ्याने किती शिधा दिला, कोणी रोख भिशी भरली आणि वाटेत किती चुली पेटल्या, याच्या नोंदी त्यांत आहेत. महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका संशोधक बाईंनी या वह्या वाचल्या. त्यांना दिसले ते असे: माणसे घरून तांदूळ-पीठ आणत तोवर जातवार वेगळ्या चुली होत्या, भिशी रोख झाली, दिंडीने धान्य एकत्र विकत घ्यायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत पंगत एक झाली. आता हा निबंध त्यांना परदेशातल्या एखाद्या जर्नलकडे पाठवायचा आहे.

अशा पत्राचा पहिला मसुदा बहुतेक वेळा असा सुरू होतो: वारी ही महाराष्ट्राची थोर आध्यात्मिक परंपरा असून ती शेकडो वर्षे समतेचा संदेश देत आली आहे; या महत्त्वाच्या विषयाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे; प्रस्तुत निबंधात वारीच्या विविध पैलूंचा आढावा घेतला आहे. ही तिन्ही वाक्ये पत्राला मारक आहेत.

पहिले वाक्य धर्माचे आहे, धर्माभ्यासाचे नाही. हा फरक या विद्याशाखेच्या मुळाशी आहे. वारी समतेचा संदेश देते असे वारकरी म्हणू शकतो आणि त्याच्या तोंडी ते शोभते. अभ्यासकाचे काम वेगळे असते: हे म्हणणे कोण, केव्हा, कशाच्या आधारे करतो आणि व्यवहारात काय घडते, हे तो पाहतो. पहिल्याच ओळीत परंपरेचा गौरव दिसला की हा निबंध भक्तिपर आहे की अभ्यासपर, अशी शंका संपादकाच्या मनात येते. उलट बाजूचीही चूक घडते. परंपरेचे ढोंग उघडे पाडल्याचा सूर लावला तर तेही निवाडा देणेच झाले. मराठी लेखनात संतांच्या नावापुढे ‘महाराज’ किंवा ‘माउली’ लिहिणे स्वाभाविक आहे. इंग्रजी पत्रात मात्र नुसते ज्ञानेश्वर किंवा तुकाराम लिहावे. त्यात अनादर नसतो, ती या विद्याशाखेची रीत आहे.

दुसरे वाक्य खरे नाही, म्हणून अधिक घातक आहे. वारीवर उत्तम लेखन झाले आहे. इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख आधी मराठीत ‘वाटचाल’ या नावाने आला आणि १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’चे इंग्रजी भाषांतर झाले आहे. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी २००३ च्या पुस्तकात महाराष्ट्रातल्या तीर्थयात्रा आणि प्रदेशभावना यांचा संबंध उलगडला आहे. जॉन क्यून यांचे २०२१ चे पुस्तक तर भक्ती, जात आणि सहभोजन याच प्रश्नावर आहे. ‘दुर्लक्ष झाले आहे’ हे वाक्य जाणकार संपादकाने वाचले तर लेखकाने पूर्वीचे काम वाचलेले नाही असे तो समजेल. आणि एखाद्या विषयावर खरोखरच कोणी लिहिले नसेल, तरी तेवढ्यावर निबंध छापण्याजोगा ठरत नाही. आधीच्या लेखनातून कोणता प्रश्न अडून राहिला आहे, हे सांगावे लागते.

तिसऱ्या वाक्यातला ‘आढावा’ हा शब्द निबंधात प्रतिपादन नसल्याची कबुली देतो. विषय आणि प्रतिपादन यांतला फरक साधा आहे. ‘दिंडीतील भोजनव्यवस्था’ हा विषय झाला. ‘दिंडीतली पंगत एक झाली ती शिकवणुकीतल्या बदलामुळे नव्हे, तर शिध्याची जागा रोख भिशीने घेतल्यामुळे’ हे प्रतिपादन झाले. त्याच्याशी कोणाला असहमत होता येते, त्याच्या विरुद्ध पुरावा मागता येतो. पत्रात असे एक वाक्य सापडलेच पाहिजे. ते लिहिता येत नसेल तर बहुधा दोष पत्रात नसून निबंधात असतो, आणि अशा वेळी निबंध काही दिवस मागे ठेवणेच शहाणपणाचे.

प्रतिपादन सापडले की पत्रातला सर्वांत अवघड परिच्छेद येतो: हा निबंध याच जर्नलकडे का? ‘आपले जर्नल जगप्रसिद्ध आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे. जर्नलनुसार हे उत्तर बदलते. ब्रिल प्रकाशनाचे ‘न्यूमेन’ १९५४ पासून आणि शिकागो विद्यापीठाचे ‘हिस्ट्री ऑफ रिलिजन्स’ १९६१ पासून निघते. दोन्ही सर्व धर्मांच्या तौलनिक, ऐतिहासिक अभ्यासाला वाहिलेली आहेत. त्यांच्या वाचकाला पंढरपूरशी देणेघेणे नसेल, पण तीर्थयात्रेतून समता निर्माण होते का, या प्रश्नाशी आहे. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ हिंदू स्टडीज’चा वाचक भक्ती आणि जात यांवरची जुनी चर्चा जाणतो, त्याला वारकरी परंपरेतला नवा पुरावा काय सांगतो हे हवे असते. लुई द्युमाँ आणि डेव्हिड पोकॉक यांनी १९५७ मध्ये सुरू केलेल्या ‘काँट्रिब्यूशन्स टु इंडियन सोशियॉलॉजी’च्या वाचकाला चुली, पंगत आणि रोख पैसा यांतून जातिव्यवहार कसा बदलला, हा भाग जवळचा वाटेल. निबंध तोच राहतो. पत्रातला हा परिच्छेद दर वेळी नव्याने लिहावा लागतो.

तौलनिक जर्नलसाठी हा परिच्छेद कसा उभा राहतो हे पाहण्यासारखे आहे. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी अशी मांडणी केली की यात्रेला निघालेला माणूस रोजच्या समाजातला दर्जा, पद, भेद काही काळ मागे टाकतो आणि यात्रेकरूंमध्ये एक सहज बंधुभाव निर्माण होतो. त्यासाठी त्यांनी ‘कम्युनिटास’ ही संज्ञा वापरली. १९७४ च्या ‘ड्रामाज, फील्ड्स अँड मेटाफर्स’ या पुस्तकात पंढरपूरच्या यात्रेचा विचार करताना त्यांनी कर्वे यांच्या लेखाचा आधार घेतला. पण कर्वे यांनी तर दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्या बसत हे पाहिले होते आणि त्याचे दुःख मोकळेपणाने नोंदवले होते. म्हणजे जगभरच्या यात्राअभ्यासात वापरल्या जाणाऱ्या सिद्धान्तापाशी महाराष्ट्रातली ही वेगळी चूल पन्नास वर्षांहून अधिक काळ उभी आहे. हिशोबाच्या वह्यांवरचा निबंध नेमका तिथे काही सांगतो: भेद यात्रेत गळून पडत नाहीत आणि कायमचे टिकूनही राहत नाहीत, अन्न कसे गोळा होते यावर ते अवलंबून असतात. एवढे दोन-तीन वाक्यांत सांगितले की आफ्रिकेतल्या किंवा लॅटिन अमेरिकेतल्या यात्रांचा अभ्यास करणाऱ्या संपादकालाही निबंध आपल्या वाचकांसाठी आहे हे दिसते.

यानंतर येतात त्या उघड करायच्या गोष्टी. अनेक लेखक त्या टाळतात किंवा ‘हा निबंध मौलिक व अप्रकाशित आहे’ या ठरावीक वाक्यात उरकतात. हे वाक्य आवश्यकच आहे, आणि निबंध एकाच वेळी दुसऱ्या जर्नलकडे पाठवलेला नाही हेही लिहावेच लागते. पण मराठी संशोधकाच्या बाबतीत गोष्ट तिथे संपत नाही. त्याच वह्यांवर एखाद्या दिवाळी अंकात मराठी लेख येऊन गेलेला असू शकतो. निबंधाचा एक भाग पीएच.डी.च्या प्रबंधातला असू शकतो, आणि भारतातले प्रबंध ‘शोधगंगा’वर सर्वांना खुले असतात. संपादक साम्य तपासणारी प्रणाली वापरतो तेव्हा प्रबंधातला मजकूर तिथे दिसतो. आधी सांगितले असेल तर त्यात वावगे काही नसते; प्रबंधातून निघालेले निबंध जगभर छापले जातात. न सांगता सापडले तर मात्र लपवल्यासारखे दिसते. म्हणून प्रबंधातला कोणता भाग घेतला, मराठी लेखात काय होते आणि इंग्रजी निबंधात नवे काय, हे दोन वाक्यांत लिहावे.

दुसरी गोष्ट जिवंत समाजाची. या वह्यांत माणसांची नावे, गावे आणि जाती आहेत. त्यांची मुले-नातवंडे आजही त्याच दिंडीत चालत असतील. कोणाच्या घराण्याने कोणाबरोबर जेवायला नकार दिला, हे नावानिशी छापणे त्या माणसांवर अन्याय करणारे ठरू शकते. दिंडीच्या प्रमुखांकडून वह्या वाचण्याची आणि पानांची छायाचित्रे छापण्याची लेखी परवानगी घेतली आहे, व्यक्तींची नावे बदलली आहेत, मुलाखती देणाऱ्यांची संमती घेतली आहे आणि संस्थेच्या नीतिसमितीने संशोधनाला मान्यता दिली आहे, हे पत्रात असायला हवे. संस्थेत अशी समितीच नसेल, तर ती नाही हे सांगून संमती कशी घेतली ते लिहावे.

तिसरी गोष्ट धर्माभ्यासात विशेष महत्त्वाची आहे: लेखकाचे परंपरेशी नाते. संशोधक बाईंचे आजोबा याच दिंडीत वीणा घेत असतील आणि वह्या त्यामुळेच हाती आल्या असतील, तर संपादकाला ते कळले पाहिजे. आतल्या माणसाने लिहावे की बाहेरच्या, हा वाद या विद्याशाखेत जुना आहे आणि आज कोणतीही बाजू आपोआप वरचढ मानली जात नाही. आतल्या माणसाला कागद मिळतात, शब्दांचे अर्थ कळतात. काही प्रश्न त्याच्याकडून सुटून जाण्याचाही धोका असतो. निनावी परीक्षणासाठी निबंधातून ही माहिती काढलेली असते, म्हणून ती पत्रात द्यावी आणि निबंध स्वीकारला गेल्यावर तिथे पुन्हा घालू असे कळवावे. लेखकाला धार्मिक संस्थेकडून पैसे मिळाले असतील, तर तेही लपवू नये.

आता पत्र. जर्नल इंग्रजी असल्याने ते इंग्रजीत जाईल. मजकूर मात्र असा राहील.

प्रिय प्राध्यापक (संपादकांचे आडनाव),

‘शिधा ते भिशी: एका वारकरी दिंडीतील अन्न, पैसा आणि जात, १९४८–१९७५’ हा निबंध आपल्या जर्नलच्या विचारार्थ पाठवत आहे. टिपांसह त्याची शब्दसंख्या सुमारे नऊ हजार आहे.

पश्चिम भारतातील आळंदी–पंढरपूर यात्रेत वारकरी दिंडी नावाच्या गटांतून चालतात. एका दिंडीच्या आजवर न अभ्यासलेल्या हिशोबवह्यांच्या आधारे निबंधात असे प्रतिपादन केले आहे की या गटातील जातवार वेगळ्या पंगती एकत्र आल्या त्या शिकवणुकीतील बदलामुळे नव्हे, तर घरच्या शिध्याऐवजी रोख वर्गणी आणि सामायिक धान्यखरेदी सुरू झाल्यामुळे.

टर्नर यांनी यात्रेतील बंधुभावाविषयी मांडलेल्या सिद्धान्ताच्या चर्चेत पंढरपूरचे उदाहरण येते, पण तेथील वेगळ्या पंगतींचे पुढे काय झाले याचा वर्षवार पुरावा त्या चर्चेत आलेला नाही. हा निबंध तो देतो. यात्रेतील समता ही अन्नाच्या व्यवस्थेतून घडते का, हा प्रश्न इतर धर्मांतील यात्रांच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडेल. निष्कर्ष एका दिंडीपुरते आहेत. सर्व वारीविषयी दावा केलेला नाही.

निबंध अन्यत्र प्रसिद्ध झालेला नाही व इतर कोठेही विचाराधीन नाही. त्याचा एक भाग माझ्या पीएच.डी. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणावर आधारित असून प्रबंध ‘शोधगंगा’वर उपलब्ध आहे. रोख वर्गणीविषयीचे विश्लेषण प्रबंधात नाही. वह्यांचा परिचय देणारा माझा एक लेख मराठीत प्रसिद्ध झाला आहे. त्यात हे प्रतिपादन नव्हते. वह्या वाचण्याची व चार पानांची छायाचित्रे छापण्याची दिंडीच्या विश्वस्तांची लेखी परवानगी आहे. व्यक्तींची नावे बदलली आहेत. माझे कुटुंब तीन पिढ्या या दिंडीशी जोडलेले आहे. निनावी परीक्षणासाठी हा उल्लेख निबंधातून काढला आहे. या संशोधनाला कोणतेही अर्थसाहाय्य नव्हते.

आपली,
(नाव, पद, संस्था, ईमेल)

या पत्रातले ‘निष्कर्ष एका दिंडीपुरते आहेत’ हे वाक्य पुष्कळांना कमजोर वाटेल. प्रत्यक्षात त्याने संपादकाचा विश्वास वाढतो. आज पालखीसोबत रथापुढे आणि रथामागे कितीतरी दिंड्या चालतात. एका दिंडीच्या वह्यांवरून संपूर्ण वारीविषयी बोलणारा निबंध परीक्षकाच्या हाती गेला तर पहिला आक्षेप तिथेच येईल. दाव्याची मर्यादा लेखकाने स्वतः आखलेली असेल तर परीक्षकही निबंध तेवढ्याच चौकटीत तपासतो.

पत्रात काय नाही हेही पाहावे. निबंधाचा सारांश पुन्हा दिलेला नाही, कारण तो ऑनलाइन व्यवस्थेत स्वतंत्र भरलेला असतो. पदव्या, पुरस्कार आणि पूर्वीच्या प्रकाशनांची यादी नाही. सरकारी अर्जातून आलेला ‘आदरणीय महोदय’, ‘नम्र विनंती’, ‘कृपा करून लवकर प्रसिद्ध करावे’ हा सूर नाही. बढतीसाठी किंवा मुलाखतीसाठी प्रकाशन लवकर हवे आहे, असे काही लेखक मोकळेपणाने लिहितात. त्यामागची निकड खरी असते, पण निबंध छापावा की नाही याच्याशी तिचा संबंध नसतो आणि संपादक तिच्यासाठी काहीही करू शकत नाही. ‘महोदय’ लिहिण्यात आणखी एक तोटा आहे: संपादक स्त्री असू शकते. जर्नलच्या संपादक मंडळाच्या पानावरून नाव घ्यावे. संपादक एकाहून अधिक असतील तर ‘प्रिय संपादक’ पुरते.

काही जर्नले परीक्षकांची नावे सुचवायला सांगतात, काही सांगत नाहीत. मागितली असतील तरच द्यावीत. मार्गदर्शक, सहलेखक, त्याच संस्थेतले सहकारी ही नावे चालत नाहीत. दिंडीच्या निबंधासाठी एक नाव मराठी साधने आणि मोडी वाचू शकणाऱ्याचे, तर दुसरे दक्षिण आशियाबाहेरच्या यात्रांवर काम करणाऱ्याचे असावे. मोडी पुरावा तपासू शकणारी माणसे थोडी आहेत, आणि दूरच्या संपादकाला ती शोधणे अवघड जाते; ही नावे देणे ही त्याला खरी मदत असते.

निबंध परत आला आणि दुसऱ्या जर्नलकडे पाठवायचा झाला की घाईत जुनेच पत्र पुढे जाते. आधीच्या जर्नलचे नाव त्यात राहून गेले, असे प्रसंग संपादकांना नेहमी दिसतात. नाव बदलले तरी तिसरा परिच्छेद जुन्याच वाचकांसाठी लिहिलेला असतो. ‘न्यूमेन’साठी लिहिलेला टर्नरवरचा परिच्छेद ‘काँट्रिब्यूशन्स’च्या संपादकाला निबंध चुकीच्या दारात आल्यासारखा वाटेल. परीक्षकांनी सुधारणा सुचवून निबंध परत पाठवला तर लागणारे पत्र आणखी वेगळे असते: त्यात प्रत्येक आक्षेप, त्यावर केलेला बदल आणि तो कोणत्या पानावर आहे हे क्रमाने द्यावे लागते, आणि बदल केला नसेल तर कारण द्यावे लागते. ते परीक्षकही वाचतात, म्हणून त्यात लेखकाची ओळख पटेल असे काहीही येऊ देऊ नये.

पत्र पाठवण्यापूर्वी ते वारीशी, महाराष्ट्राशी किंवा हिंदू परंपरेशी संबंध नसलेल्या एखाद्या अभ्यासकाला वाचायला द्यावे. इतिहास किंवा समाजशास्त्र शिकवणारा सहकारीही चालेल. वाचून झाल्यावर निबंधाचे म्हणणे त्याला एका वाक्यात सांगायला लावावे. त्याने ‘वारीवर काहीतरी आहे’ एवढेच सांगितले, तर दुसरा परिच्छेद पुन्हा लिहावा.